ओपीडीचा अभिप्राय-फॉर्म: प्रश्न कोणाच्या टेबलावर जातो?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. औषधं बाहेरून आणावी लागत होती, असं नातेवाईक सांगत होते. औषधांचा तुटवडा नव्हता, असं सरकारचं म्हणणं होतं. ते रुग्ण वॉर्डातले होते, ओपीडीतले नव्हते. पण दोन्ही बाजू ठामपणे बोलत असताना एक साधा आकडा कुठेच पुढे येत नव्हता: चिठ्ठीवर लिहिलेली सगळी औषधं किती रुग्णांना रुग्णालयातच मिळाली? भांडाराच्या नोंदवहीत काय शिल्लक आहे ते दिसतं, पण खिडकीवरून कोण रिकाम्या हाताने परतलं ते दिसत नाही. हा आकडा रुग्णाच्या हातातल्या चिठ्ठीवरूनच काढता येतो. रोज शेकडो चिठ्ठ्या हातात घेऊन माणसं ज्या ओपीडीतून बाहेर पडतात, तिथला अभिप्राय-फॉर्म या कामासाठी सगळ्यात स्वस्त साधन आहे. तो सहसा त्यासाठी वापरला जात नाही, याचं कारण त्यावरच्या प्रश्नांत आहे.

आजवर काय विचारलं गेलं

सरकारी रुग्णालयांत रुग्णाचं मत मोजण्याची रीतसर पद्धत आली ती राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांबरोबर. ‘एनक्यूएएस’ म्हणून ओळखली जाणारी ही मानकं केंद्राने २०१३ मध्ये आणली. रुग्णांचं समाधान नियमित मोजायची व्यवस्था असावी, अशी त्यात अट आहे. त्यानुसार भरल्या जाणाऱ्या ओपीडीच्या फॉर्मवर नोंदणी, रांग, कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, डॉक्टरांचं बोलणं, तपासण्या आणि औषधं अशा बाबी असतात. प्रत्येकीला १ ते ५ गुण द्यायचे, महिन्याच्या शेवटी सरासरी काढायची आणि फाईलला लावायची.

२०१६ मध्ये केंद्राने ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं. रुग्णालयातून गेल्यावर रुग्णाच्या मोबाईलवर एसएमएस किंवा फोन येतो. समाधान नसेल तर कारण विचारलं जातं आणि ठरलेल्या यादीतून ते निवडायचं असतं. घरी गेल्यावर, कर्मचाऱ्यांच्या नजरेआड उत्तर देता येतं, हा याचा मोठा फायदा. अडचण अशी की ‘स्वच्छता’ हे कारण निवडलं तरी नेमकी कुठली जागा, हे कळत नाही. शिवाय खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या केसपेपरवरचा नंबर बहुतेक वेळा पुण्यात नाहीतर हैदराबादला कामाला असलेल्या मुलाचा असतो. फोन त्याला जातो आणि त्याने ओपीडी पाहिलेलीही नसते.

प्रश्नच चुकण्याची अडचण आपल्याकडेच आली असं नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१३ मध्ये रुग्णालयांतून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: ही सेवा घ्या असं तुम्ही आपल्या माणसांना सांगाल का? दुकानदारीतून घेतलेला हा प्रश्न रुग्णांना बुचकळ्यात टाकायचा. ज्याच्या गावाजवळ एकच रुग्णालय आहे, तो दुसऱ्याला सांगून सांगून काय सांगणार? २०२० मध्ये तो प्रश्न बदलून ‘एकूण अनुभव कसा होता’ असा केला गेला आणि त्यासोबत मोकळ्या शब्दांत लिहिण्यावर भर आला. किनवट-माहूरकडून नांदेडला किंवा देवणीकडून लातूरला येणाऱ्या माणसाचीही गत तीच आहे. त्याच्यापुढे पर्याय नसतो आणि पर्याय नसलेल्या माणसाच्या समाधानाचा आकडा नेहमीच बरा येतो.

‘बरंय की सगळं’

मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी ओपीडीत रांगेतल्या माणसाला विचारा, कसं वाटलं? उत्तर येतं, “बरंय की सगळं, साहेब.” यात खोटेपणा नाही. ज्या सिस्टरने आत्ता सलाईन लावलं, तीच फॉर्म पुढे करते. पुढच्या सोमवारी रिपोर्ट दाखवायला याच दाराशी यायचं आहे. अशा वेळी पाचपैकी चार गुण म्हणजे नमस्कारच.

प्रश्नाची शब्दरचना या सौजन्याला आणखी खतपाणी घालते. नायजेरियातल्या आरोग्यकेंद्रांत संशोधकांनी एकाच गोष्टीबद्दल काही रुग्णांना होकारार्थी विधान दिलं आणि काहींना नकारार्थी. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘इथले कर्मचारी नीट वागतात’ याला लोक हो म्हणत होते आणि उलट विधानालाही पुष्कळ जण हो म्हणत होते. विधान फिरवलं की समाधानाचा आकडा खाली यायचा. म्हणजे त्या आकड्यात रुग्णालयाइतकाच प्रश्नकर्त्याचाही वाटा होता.

यावर उपाय म्हणजे मत विचारायचं टाळून घडलेली गोष्ट विचारणं. ‘औषध वितरणाबाबत आपण समाधानी आहात का?’ याला हो म्हणणं सोपं आहे. ‘चिठ्ठीवर किती औषधं लिहिली आणि खिडकीवर किती मिळाली?’ याला हो म्हणताच येत नाही. हातातली चिठ्ठी आणि पिशवीतल्या गोळ्या समोर असतात, मोजून सांगावं लागतं. रुग्णही मोकळा राहतो, कारण तो कुणाला नावं ठेवत नाही, फक्त काय झालं ते सांगतो.

तीन टेबलं

फॉर्मवर प्रश्न घ्यायचा की नाही, हे ठरवण्याची एक कसोटी पुरते. उत्तर वाईट आलं तर उद्या कोणाला बोलवायचं? नाव सांगता आलं नाही तर तो प्रश्न छापू नये.

बदलाचे अधिकार साधारण तीन टेबलांवर वाटलेले असतात. पहिलं टेबल खिडकीचं: नोंदणी लिपिक, औषधनिर्माता, ओपीडीच्या इन्चार्ज सिस्टर, सफाईचे मुकादम. पाटी लावणं, कडी बसवणं, जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या माणसाला बसवणं हे त्यांच्या हातात असतं आणि आठवड्यात होऊ शकतं. दुसरं टेबल वैद्यकीय अधीक्षक, अधिष्ठाता आणि विभागप्रमुखांचं. ओपीडीच्या वेळा, डॉक्टरांच्या ड्युट्या, मर्यादेतली स्थानिक खरेदी इथे ठरते. त्याला महिना-दोन महिने लागतात. तिसरं टेबल मुंबईत असतं. रिक्त पदं, नवी इमारत, राज्यपातळीवरची औषधखरेदी तिथली. औषधखरेदीसाठी राज्याने २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण स्थापन करणारा कायदा केला, तरी ओपीडीच्या औषधनिर्मात्याच्या दृष्टीने तो लांबचाच विषय आहे.

फॉर्मवरचे बहुतेक प्रश्न पहिल्या दोन टेबलांसाठी असावेत. ‘डॉक्टरांनी पुरेसा वेळ दिला का?’ हा बहुतेक फॉर्मवर असणारा प्रश्न तिसऱ्या टेबलाचा आहे. सकाळच्या चार तासांत एका डॉक्टरपुढे शंभर रुग्ण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटंही येत नाहीत. हे फॉर्मशिवायही माहीत आहे आणि रुग्णाने ते दर महिन्याला लिहून दिल्याने डॉक्टर वाढत नाहीत. त्या अडीच मिनिटांत सांगितलेलं पोचलं का, हे मात्र मोजता येतं आणि सुधारताही येतं.

औषधाचा प्रश्न, शेवटपर्यंत नेलेला

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. दोन आठवड्यांत औषधखिडकीच्या पुढे, बाहेर पडायच्या दाराशी १०० रुग्णांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. ४१ जणांना सगळी औषधं मिळाली नव्हती. जुन्या फॉर्मवर याचीच नोंद ‘औषध उपलब्धता: ३.४’ अशी झाली असती आणि पुढे काहीच झालं नसतं.

नव्या फॉर्मवर न मिळालेल्या औषधाचं नाव चिठ्ठीवरून उतरवून घ्यायचं असतं. त्या ४१ जणांची मिळून ६० औषधं राहिली होती. नावं एकाखाली एक मांडल्यावर दिसलं की त्यांतली ३४ फक्त तीनच आहेत: रक्तदाबाची एक गोळी, कॅल्शियम आणि पित्ताचं एक पातळ औषध. उरलेली २६ वीसेक नावांत विखुरलेली आहेत. म्हणजे काम तीन नावांचं आहे.

पुढे त्या तीन नावांची चौकशी करायची, कारण ‘औषध नाही’ या दोन शब्दांत तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. रक्तदाबाची गोळी मुख्य भांडारात होती, पण ओपीडीच्या खिडकीने मागणी आठवड्यातून एकदाच नोंदवली आणि गुरुवारी साठा संपला. हे पहिल्या टेबलाचं काम आहे: मागणी आठवड्यातून दोनदा पाठवायची. कॅल्शियम भांडारातच संपलं होतं. हे दुसऱ्या टेबलाकडे जातं: वरून पुरवठा येईपर्यंत स्थानिक खरेदी. पित्ताचं पातळ औषध रुग्णालयाच्या यादीतच नव्हतं. एका विभागातले डॉक्टर सवयीने ते लिहीत होते, यादीतल्या गोळ्या खिडकीवर पडून होत्या. ते विभागप्रमुखांनी आपल्या निवासी डॉक्टरांना सांगायचं आणि औषधांची चालू यादी प्रत्येक टेबलावर ठेवायची. एकाच तक्रारीची तीन कारणं, तीन माणसं आणि तीन मुदती निघाल्या.

महिन्याने तोच प्रश्न पुन्हा १०० जणांना विचारायचा. समजा ४१ चे २४ झाले, तर फरक खरा मानायला हरकत नाही. ४१ चे ३५ झाले तर इतक्यात हार-तुरे नकोत. शंभर माणसांच्या पाहणीत असा टक्का दहाने इकडे-तिकडे होऊ शकतो, तेव्हा पाच-सहाचा फरक नुसत्या योगायोगानेही दिसतो. मोठी दुखणी सापडायला शंभर चिठ्ठ्या पुरतात. जानेवारीपेक्षा फेब्रुवारीत दोन टक्के सुधारणा झाली, असा अहवाल लिहायला त्या पुरत नाहीत.

वेळ, शौचालय, गोळी आणि पैसा

रांगेचा वेळ रुग्णाला मिनिटांत विचारू नये. पहाटेच्या एसटीने निघालेल्या माणसाला सगळाच वेळ रांगेचा वाटतो. नोंदणीची वेळ संगणकावरच्या केसपेपरवर छापलेली असते. फॉर्म भरणाऱ्याने फक्त बाहेर पडतानाची वेळ लिहायची. रुग्णाला एवढंच विचारायचं: सगळ्यात जास्त कुठे थांबावं लागलं? नोंदणी, डॉक्टर, रक्ततपासणी, एक्स-रे की औषधं? साडेअकरानंतर बहुतेक बोटं औषधखिडकीकडे जात असतील तर गर्दी सकाळी आठला नाही, दुपारी आहे. जास्तीचा माणूस नोंदणीवर बसवून उपयोग नाही.

शौचालयाचा प्रश्न सगळ्या फॉर्मवर ‘स्वच्छता’ या एका शब्दात गुंडाळलेला असतो. तो असा सोडवता येतो: इथलं शौचालय वापरलं का? नसेल तर का? सापडलं नाही, कुलूप होतं, पाणी नव्हतं, घाण होतं की आतून कडी लागत नव्हती? बायकांकडून शेवटचं उत्तर मिळायला हवं असेल तर ते वाचून दाखवावं लागतं. आपण होऊन कुणी बोलत नाही. या पाचांतली चार उत्तरं मुकादम, सुतार आणि किल्ली सांभाळणाऱ्याची आहेत. ‘पाणी नव्हतं’ हे उत्तर लातूरसारख्या शहरात वेगळं पाहावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे उन्हाळ्यातल्या कोरड्या नळाचा दोष सफाईवाल्या मावशीच्या माथी मारणं बरोबर नाही. ते उत्तर टाकीची क्षमता ठरवणाऱ्याकडे जायला हवं.

डॉक्टरांचं सांगणं पोचलं का, हे ‘समजलं का?’ असं विचारून कळत नाही. सगळेच मान डोलावतात. फॉर्म भरणाऱ्याने एक पाकीट हातात घेऊन विचारावं, “ही गोळी कधी घ्यायची सांगा बरं?” उत्तर चिठ्ठीशी जुळलं की बरोबर, नाही तर चूक, एवढंच लिहायचं. चुकलेल्याला तिथल्या तिथे समजावून सांगायचं. अभिप्राय घेता घेता रुग्णाचा थेट फायदा होणारा हा एकच प्रश्न. चुका बऱ्याच निघाल्या तर बदल औषधखिडकीवरच होतो: पाकिटावर सकाळ-दुपार-रात्रीची खूण करणं आणि देताना एकदा म्हणवून घेणं.

पैशाचा प्रश्न सगळ्यात नाजूक. ‘कुणी पैसे मागितले का?’ असं विचारलं की माणूस इकडे-तिकडे बघतो. त्यापेक्षा आजचा खर्च विचारावा: केसपेपर, तपासणी, बाहेरची औषधं, प्रवास, इतर. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचं शुल्कही बंद झालं, पण तो निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नव्हता. विष्णुपुरीचं रुग्णालय आणि लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था याच दुसऱ्या विभागातल्या. त्यामुळे पावती असलेलं शुल्क आणि पावती नसलेला खर्च वेगळे लिहावे लागतात. ‘इतर’ या रकान्यात एकाच ठिकाणचे आकडे पुन्हा पुन्हा येऊ लागले की अधीक्षकांना कुठे बघायचं ते कळतं. या फॉर्मवर रुग्णाचं नाव, केसपेपर क्रमांक किंवा मोबाईल काहीही नको. ज्याला दाद मागायची आहे, त्याच्यासाठी तक्रारीचा कागद वेगळा असावा, कारण तिथे नाव-पत्ता लागतोच. दोन्ही एकाच कागदावर आणले की नावाच्या भीतीने अभिप्राय गोड होतो आणि नाव नसल्याने तक्रार निकामी ठरते.

कोणाला, कोणत्या भाषेत, कोणाकरवी

२०११ च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत सात वर्षांवरच्या चौघांतल्या साधारण एका व्यक्तीला लिहिता-वाचता येत नव्हतं. सरकारी ओपीडीत हे प्रमाण त्याहून जास्त असणार. कागद हातात देऊन पेटीत टाका म्हटलं की उत्तरं शिकलेल्या, शहरातल्या, बहुधा पुरुष रुग्णांचीच येतात. म्हणून फॉर्म वाचून, विचारून भरावा लागतो. देगलूर, बिलोली, धर्माबादकडची माणसं तेलुगू बोलतात, किनवट-माहूरला बंजारा आणि गोंडी, नांदेड शहरात दखनी, उदगीर-देवणीच्या बाजूला कन्नड. इतक्या भाषांत छापण्यापेक्षा प्रश्न इतके साधे ठेवावेत की विचारणाऱ्याला ते तोंडी करता यावेत. ‘समाधान’, ‘सेवेचा दर्जा’ यांना दखनीत सांगायला जा, धांदल उडते. ‘कित्ती दवायां मिले?’ कुणालाही कळतं. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टीही वाटते तितकी सोपी नाही. बऱ्याच जणांना तो आपल्या तब्येतीचा प्रश्न वाटतो आणि दुखत असलेला माणूस रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवतो.

विचारणारी व्यक्ती त्या ओपीडीतली नसावी. नर्सिंग किंवा समाजकार्याचे विद्यार्थी समाजसेवा अधीक्षकांच्या देखरेखीखाली हे करू शकतात. गणवेश आणि ॲप्रन न घालता. दाराशी बसून प्रत्येक विसावा माणूस गाठायचा, बोलका दिसतो तो नव्हे. सोमवारची गर्दी आणि शुक्रवारची सुस्ती दोन्ही यायला हवी, आणि सकाळी लवकर सुटलेल्यांबरोबर शेवटी सुटलेलेही. साडेबारानंतर विद्यार्थी उठून गेले तर ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला, तेच हिशेबातून गळतात.

हे सगळं एका पानात मावतं:

१. बाहेर पडायची वेळ (केसपेपरवरची वेळ शेजारी).
२. सगळ्यात जास्त कुठे थांबावं लागलं?
३. चिठ्ठीवर किती औषधं, मिळाली किती, न मिळालेल्यांची नावं.
४. ही गोळी कधी घ्यायची? (बरोबर / चूक)
५. शौचालय वापरलं का, नसेल तर का?
६. आज कुठे किती पैसे गेले?
७. एक गोष्ट बदलायची तर कोणती?

शेवटचा प्रश्न मोकळा ठेवायचा, कारण आपल्या यादीत नसलेलं दुखणं तिथूनच कळतं. उत्तर रुग्णाच्याच शब्दांत उतरवायचं, सुधारून नाही. “तीन नंबरला जा म्हनले, तीन नंबर कुठंय ते कुनालाच म्हाईत नाही” या वाक्यातून पाटी कुठे लावायची ते समजतं. ‘मार्गदर्शनाचा अभाव’ असं लिहिलं की ते पुसलं जातं.

फॉर्मनंतर

महिन्याच्या बैठकीत सरासरीचा तक्ता नको. चार रकाने पुरतात: काय आढळलं, कोण करणार, कधीपर्यंत, पुन्हा मोजल्यावर काय दिसलं. झालेले बदल नोंदणीच्या रांगेसमोर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि न झालेलेही कारणासकट लिहावेत: ‘हाडाच्या डॉक्टरांची एक जागा रिकामी, मागणी पाठवली’. तिसऱ्या टेबलाची उत्तरं वर्षभर साठवून अधिष्ठात्यांनी पुढे पाठवली तर ती मागणीला आधार म्हणून उपयोगी पडतात.

या फॉर्मच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. रांग बघून परत फिरलेला, एसटी गाठायला औषधं न घेताच निघालेला किंवा खर्चाला घाबरून आलाच नाही तो माणूस दाराशी भेटत नाही. निदान बरोबर झालं का, हे रुग्ण सांगू शकत नाही. त्यासाठी केसपेपर तपासणं हे वेगळं काम आहे. आणि अभिप्रायाचे आकडे कर्मचाऱ्यांच्या गुणांकनाला जोडले की फॉर्म कुणाला द्यायचा, हे ज्याचं त्याने ठरवायला सुरुवात होते. सगळीकडे सलग ४.८ दिसू लागलं की ते लक्षण समजावं.

प्रत्येक प्रश्नाला तीन महिन्यांची मुदत द्यावी. तेवढ्यात त्याच्या उत्तरावरून एकही पाटी, मागणी किंवा ड्युटी बदलली नसेल, तर पुढच्या छपाईत तो काढून टाकावा आणि त्याच्या जागी सातव्या प्रश्नात सगळ्यात जास्त वेळा आलेली गोष्ट घ्यावी.